सुगतचं पत्र आणि मधातला माणूस

माझा धाकटा भाऊ सुगत खंडारे हा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. वय एक्केचाळीस. घर अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला, तेलाच्या कारखान्यात. पहाटे गाडीने बडनेरा स्टेशन गाठायचं, तिथून रेल्वेने अकोला, दिवसभर बॉयलर आणि पंप, आणि रात्रीच्या जेवणाला परत. बारा वर्षं हे असंच चाललेलं. अकोल्याच्या मे महिन्यात बॉयलरजवळ उभं राहणं आणि रस्त्यावर उभं राहणं यात फारसा फरक नसतो, असं तो म्हणतो. त्याची बायको आकांक्षा इथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्यूटी फिरती. त्यामुळे नवरा-बायको एकमेकांना फ्रिजवर चिठ्ठी लावून भेटत. मुलगी पिंकी दहावीत. तिच्या शाळेत "वडील काय करतात" या निबंधात तिने लिहिलं होतं, "माझे वडील रविवारी असतात." बाईंनी खाली लाल रेघ ओढली होती. चूक काय होती ते मला अजून कळलं नाही.

सुगतला हवी होती ती एकच गोष्ट. संध्याकाळी घरी असता येईल अशी, अमरावतीतली नोकरी.

मागच्या वर्षी तशी एक आली होती. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एक कापडाची मिल आहे. तिथे बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर हे सगळं सांभाळणारा युटिलिटी इनचार्ज हवा होता. इंटरव्ह्यू घेतला योगेश गोगटे नावाच्या साहेबांनी. पुण्याचे गृहस्थ, बोलणं मोजून मापून. इंटरव्ह्यू झाल्यावर त्यांनी सुगतला प्लांट दाखवायला नेलं. चालता चालता सुगत एका मशिनखाली वाकला, वाफेच्या पाइपात साचलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेला कान दिला आणि म्हणाला, "साहेब, हा स्टीम ट्रॅप मेला. एकसारखा फुसफुसून राहिला. थांबून थांबून आवाज आला पाहिजे. तुमची चांगली वाफ पाण्यासंगं चालली. कोणी पाहत नाही का इथं?"

हे आपल्याकडं साधं बोलणं झालं. पुण्याच्या कानाला ते भांडण वाटतं. शेजारी उभा असलेला सुपरवायझर लाल झाला. गोगटे साहेब फक्त "हं" म्हणाले.

पंधरा दिवसांनी नकार आला. पण नकार ईमेलने न पाठवता साहेबांनी स्वतः फोन केला. आमचा बॉयलर मोठा आहे, म्हणाले, त्याच्यावर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं सरकारी प्रमाणपत्र असलेलाच माणूस लागतो, तुमच्याकडे ते नाही. परीक्षा द्या. झाली की मला कळवा.

सुगतने ते "कळवा" मनावर घेतलं. वर्षभर रेल्वेत अभ्यास केला. डब्यात पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी त्याला आधी हिणवलं, मग त्यालाच वाफेचे प्रश्न विचारून तयारी करून घ्यायला लागले. लेखी झाली, तोंडी झाली, प्रमाणपत्र आलं. आईने ते बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवलं, मेणबत्ती लावली. आणि बरोबर पाचव्या आठवड्यात पिंकीला मोबाइलवर जाहिरात दिसली. तीच मिल, तीच जागा. घेतलेला माणूस अकरा महिन्यांत सोडून गेला होता.

आता साहेबांना लिहायचं. इथून गोंधळ सुरू झाला.

माझं घर शेजारच्याच गल्लीत. रविवारी मी विहारातून येत होते तर सुगत ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला.

"ताई, हे वाच बरं."

मी वाचलं. माझं सगळं शिक्षण मराठीतून, इंग्रजी मी वाचते पण बोट ठेवून. पत्र अडीच पानी होतं. सुरुवातीला साहेबांच्या आणि कुटुंबीयांच्या प्रकृतीची चौकशी. मग सुगतच्या अठरा वर्षांच्या नोकरीचा इतिहास. शेवटी "आपल्या कृपादृष्टीची याचना".

"हे त्या साहेबांनी वाचलं तर तुले नोकरी नाही, पेन्शन देतील," मी म्हणाले.

पिंकी आतून म्हणाली, "आत्या, मी ॲपवरून करून देते." तिने दोन मिनिटांत दुसरं पत्र काढलं. ते एका पानाचं होतं. त्यात सुगत अत्यंत उत्साहित होता, रोमांचित होता, आणि साहेबांच्या दूरदृष्टीने भारावलेला होता.

सुगत म्हणाला, "मी कधी रोमांचित झालो?"

"आकांक्षाले विचार," मी म्हणाले.

आकांक्षा ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पायातली चप्पलही काढली नव्हती. ती म्हणाली, "दोन हजार नऊमध्ये. लाइट आली होती तेव्हा."

मग मी एक उपाय काढला. म्हटलं, प्रत्येक वाक्य मले मराठीत सांग. जे सांगताना तुलेच लाज वाटन, ते काढून टाक. असं करत करत अडीच पानांचं जे उरलं, ते मी इथे मराठीतच देते.

"आदरणीय गोगटे सर, मागच्या वर्षी जूनमध्ये युटिलिटी इनचार्जच्या जागेसाठी आपण माझा इंटरव्ह्यू घेतला होता. प्लांटमध्ये फिरताना एका स्टीम ट्रॅपबद्दल मी जरा जास्तच बोललो होतो, त्यावरून कदाचित आठवेन. तेव्हा बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र नसल्यामुळे माझी निवड झाली नाही, आणि परीक्षा झाल्यावर कळवा असं आपण सांगितलं होतं. परीक्षा झाली. प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. या वर्षात सध्याच्या कारखान्यात बॉयलरच्या वार्षिक तपासणीचं कामही माझ्याकडे आलं. तीच जागा पुन्हा निघाल्याचं आपल्या वेबसाइटवर पाहिलं. तिथे रीतसर अर्ज केला आहे, अर्जाचा क्रमांक खाली देत आहे. आपल्याला सोयीचं असेल तर पंधरा मिनिटं फोनवर बोलायला आवडेल. जागेसाठी दुसरं कोणी ठरलं असेल तरी, मागच्या वेळी आपण फोन करून कारण सांगितलंत त्याचे आभार."

आईचं नाव वच्छला. ती खाटेवरून ऐकत होती. तिला त्या ट्रॅपची ओळ अजिबात पटली नाही. "काहून आठवन करून देतं रे बाबू त्याले? भांडन झालं होतं म्हनून सांगतं का?"

"माय, त्याशिवाय तो ओळखन कसा? शंभर जण येऊन जातात," मी म्हणाले.

"आन घरचं काहीच नाही लिवलं. पोरगी दहावीत हाये, गाडीनं जाऊन जाऊन हाडं खिळखिळी झाली..."

"ते नाही लिहीत, आई," सुगत म्हणाला. "त्यांले त्यांचा बॉयलर चालवायचा हाये, माझी हाडं नाही."

मला ते तेव्हा पटलं होतं.

पत्र गेलं. सुगतने बटण दाबायच्या आधी मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणून घेतलं. तथागत काही नोकऱ्या लावून देत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आपलं मन तेवढ्यापुरतं जागेवर राहतं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. उत्तर नाही. सुगत बॉयलरकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त पाहायला लागला. मी त्याला सांगितलं, कंपन्यांना वेळ लागतो, दोन आठवडे थांब, मग एकदाच, दोन ओळींत विचार. तो "हो" म्हणाला. तो थांबलाही. थांबली नाही ती आई.

आठव्या दिवशी तिने बार्शीटाकळीला तिच्या भावाला फोन लावला. आमचे धर्मपाल मामा. मामांची शेती आहे, पण त्यांचा खरा धंदा, बिनपगारी, लग्नं जमवायचा. बार्शीटाकळी, तेल्हारा, मूर्तिजापूर या टापूत साठ-पासष्ट लग्नं त्यांनी लावलीत, आणि त्यातली दोनच मोडली, तीही म्हणे पोरांच्या चुकीने. आईने त्यांना सगळी हकिकत सांगितली. मामा तिकडून एवढ्या जोरात बोलले की फोन कानाला न लावताही मला ऐकू आलं.

"अवं वच्छे, डोक्सं फिरलं का तुमचं? एकदा नाई म्हनलेल्या जागी सोताहून पत्र धाडते का कोनी? सोयरा नाई म्हनला, का आपन चूप बसावं. आन पुन्हा इचाराचं असन तं मधात मानूस लागते! मधात मानूस!"

"तेच म्या म्हनलं भाऊ. पन हे शिकलेले."

मी मधे पडले. "मामा, ही सोयरीक नाही. नोकरी आहे."

"पोरी, रोज सकाळी त्याच दारात जा लागते, तिथल्या लोकाईचं ऐकून घ्या लागते, सुट्टीले इचारा लागते. सोयरीक नाई तं काय हाये मंग?"

मी विषय संपला असं समजून घरी गेले. ती माझी चूक.

मामांनी पिंकीला फोन केला. "बाई, तुया बापाचा बायोडाटा धाड मले." पिंकीने मोबाइलवरून वडिलांचा रेझ्युमे पाठवला. तिचा काही दोष नाही, आजोबांनी मागितलं तर पोर देणारच. मामांनी तो बार्शीटाकळीच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला, वाचला, आणि त्यांना तो अगदीच कच्चा वाटला. दोन पानं लिहिली आणि त्यात उंची नाही. वडिलांचं नाव नाही. घर स्वतःचं का भाड्याचं, त्याचा पत्ता नाही. मामेकुळाचा तर उल्लेखच नाही, म्हणजे खुद्द मामांचा! त्या दुकानात मामांचा नेहमीचा नमुना ठेवलेलाच असतो. दुकानदाराने जुन्या एका मुलाची माहिती खोडून सुगतची भरली. फोटो मामांकडे होता तो लग्नातला. सोळा वर्षांपूर्वीचा, फेट्यातला.

गुरुवारी सकाळी मामा एसटीने अमरावतीला उतरले, घरी आले नाहीत, सरळ नांदगाव पेठला गेले. मिलच्या गेटवर वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं. कोणाला भेटायचं: गोगटे. काम: मामांनी सांगितलं, "घरचं." वॉचमनने आत फोन केला. आता घरचं काम म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? गोगटे साहेब कामातून उठून रिसेप्शनला आले. मामांना त्यांनी पाच मिनिटं दिली. मामांनी पंचवीस घेतली.

हे आम्हाला कळलं रात्री. मामा काम फत्ते करून आमच्या ओट्यावर येऊन बसले होते, आईने पोह्यांची दुसरी बशी पुढे ठेवली होती. सुगत नुकताच स्टेशनवरून आलेला, पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती.

"मानूस चांगला हाये गोगटे," मामा म्हणाले. "ऐकून घेते. चहा पाजला."

सुगत खाली बसला. बॅगेसकट.

"तुमी... मिलमध्ये गेलते?"

"मंग? तुयं पत्र वाचून कोनी पोरगी देईन का? म्या सांगलं, साहेब, पोरगा निर्व्यसनी हाये. सुपारी खात नाई. पाच फूट सात इंच. घर सोताचं, गाडगे नगरात, वर स्लॅब टाकेल. बायको सरकारी नोकरीत, अमरावतीतच. हा मानूस कुठं जात नाई म्हनलं. तुमचा मागचा पयाला ना? हा पयत नाई. याले पयाले जागाच नाई."

आकांक्षा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, तो कागद दाखवा ना जरा."

मामांकडे एक प्रत उरली होती. तिने वाचायला सुरुवात केली आणि भिंतीला टेकली. वर "नमो बुद्धाय". खाली फेट्यातला सुगत. नाव, जन्मतारीख, रक्तगट, मामेकुळ: धर्मपाल तेलमोरे, बार्शीटाकळी. आणि सगळ्यात शेवटी, दुकानदार जुन्या मुलाची जी ओळ खोडायला विसरला होता ती. "अपेक्षा: सुशिक्षित, मनमिळाऊ, घरकामाची आवड असणारी. नोकरी असल्यास उत्तम."

"नोकरी असल्यास उत्तम," आकांक्षाने मोठ्याने वाचलं आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पिंकी पोट धरून आत पळाली. मी स्वतःला आवरलं, कारण माझ्या समोर सुगतचा चेहरा होता.

तो हसत नव्हता. तो म्हणाला, "संपलं. वर्षभर रेल्वेत बसून वाचलं म्या. संपलं सगळं."

मामांचा हात बशीत तसाच राहिला. "काहून रे बाबू? म्या काही वाईट बोललो का?"

"मामा, कंपनीत असं माणूस धाडणं म्हणजे वशिला लावणं असते! त्यांले वाटन म्याच पाठवलं."

मामा एवढेसे झाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. आई पदराने उगाच खाट पुसायला लागली.

सुगत म्हणाला, अर्ज मागे घेतो. मी म्हणाले, घेऊ नको. चूक घरची झाली तर घरानं कबूल करावी. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. हे दुसरं पत्र मात्र मराठीत सांगून पाहायची गरज पडली नाही. चार ओळी. "सर, आज माझे मामा आपल्याला भेटले. मी त्यांना पाठवलं नव्हतं, मला आत्ता कळलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण रीत चुकली, त्याबद्दल क्षमा मागतो. या भेटीचा माझ्या अर्जात, बाजूने किंवा विरुद्ध, विचार होऊ नये अशी विनंती."

दुसऱ्या दिवशी सुगत अकोल्यात कामावर असताना फोन आला. त्याने मला तो शब्दशः सांगितला, कारण बॉयलरच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून साहेबांना प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागलं.

"खंडारे, तुमचं पहिलं पत्र मला त्याच सोमवारी मिळालं. मी ते त्याच दिवशी एचआरकडे पाठवलं आणि लिहिलं की याला बोलवा. इतक्या वर्षांत मी निदान पन्नास जणांना सांगितलं असेल की परीक्षा झाली की कळवा. कळवणारे तुम्ही पहिले. आमच्याकडे वार्षिक शटडाउन चालू होतं म्हणून उत्तर राहिलं. चूक माझी."

सुगतच्या जिवात जीव आला. तो अर्धाच.

"पण तुमचे मामा येऊन गेले, ते मला एचआरला लेखी कळवावं लागलं. आमचा नियम आहे. तुमच्याविरुद्ध काही नाही, फक्त नोंद. त्यामुळे आता तुमचा इंटरव्ह्यू मी घेणार नाही. नागपूरच्या युनिटच्या करिश्मा ठाकूर येतील. त्या तुम्हाला ओळखत नाहीत. तयारी करून या."

"हो सर."

"आणि एक. तुमच्या कागदावर अपेक्षा दिल्या आहेत, मनमिळाऊ वगैरे. त्याबाबतीत कंपनी काही आश्वासन देऊ शकत नाही."

म्हणजे ज्या एका माणसाला सुगत आठवत होता, तोच माणूस मामांमुळे टेबलावरून उठला. एवढं करून पत्राचा फायदा इतकाच उरला की आत बोलावणं आलं. आता पुढचं त्याचं त्याने.

करिश्मा ठाकूर या बाई गोगटे साहेबांहून लहान आणि त्यांच्याहून कडक. तासभर वाफ, पाणी, दाब. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी दिसेनाशी झाली तर काय कराल? सुगतने सांगितलं, आधी आग बंद. गरम कोरड्या बॉयलरमध्ये घाईने पाणी घालायचं नाही, तो फुटू शकतो. बरोबर, म्हणाल्या. मग फाइल मिटली आणि विचारलं, "मागचा इंजिनिअर अकरा महिन्यांत गेला. त्याच्या आधीचा दीड वर्षात. तुम्ही राहाल कशावरून?"

सुगत म्हणतो, माझ्या तोंडात चांगलं इंग्रजी वाक्य तयार होतं. कंपनीबरोबर वाढायचं वगैरे. पण ते निघालंच नाही. तो मराठीत म्हणाला, "मॅडम, बारा वर्षं मी अकोल्याला जाऊन येऊन करतो. माझी पोरगी दहावीत गेली, ती मोठी झालेली मी रविवारी रविवारी पाहिली. हे मी पत्रात लिहिलं नाही, कारण हा तुमचा प्रश्न नाही, माझा आहे. पण राहीन का म्हणाल, तर राहीन. मला पळायला जागाच नाही."

मामांचंच वाक्य आलं की माझ्या तोंडून, असं तो मला नंतर म्हणाला, आणि कपाळावर हात मारला.

बाईंनी काहीतरी लिहिलं. हसल्या का, ते सुगतला दिसलं नाही, त्यांनी मान वर केली नव्हती. बारा दिवसांनी ऑफर आली. पद तेच, सहा महिने प्रोबेशन. अकोल्याच्या कारखान्यात त्याने दोन महिन्यांचा नोटीस काळ एकही दिवस कमी न करता पुरा केला, पुढच्या माणसाला सगळे व्हॉल्व्ह हाताने दाखवले. आई मामांना फोनवर म्हणाली, "भाऊ, जमलं." मामा म्हणाले, "जमनारच होतं." त्यांच्या हिशेबात हे एकुणात सहासष्टावं.

आता सुगत साडेसहाला घरी असतो. पहिले आठ दिवस सगळे त्याच्याकडे पाहुण्यासारखं पाहत होते. मग त्याचे हात चुळबुळायला लागले. त्याने कुकरची रिंग बदलली, नळाची गळती काढली, दाराची बिजागरी पुसली, कूलरची मोटर उघडून पुन्हा बसवली आणि एक स्क्रू उरला. पिंकीच्या भूमितीत रोज शिरतो. परवा आकांक्षा पोळ्या करत होती तर तो मागे उभा राहून म्हणाला, "गॅसची ज्योत पिवळी हाये, हवा कमी पडून राहिली." तिने लाटणं त्याच्या हातात दिलं आणि जाऊन टीव्ही लावला.

मी संध्याकाळच्या वंदनेला आईला घ्यायला गेले होते. सुगत स्टुलावर चढून ट्यूबलाइट पुसत होता, खालून पिंकी "बाबा, बास ना" म्हणत होती, आणि आतून त्याने तव्यावर विसरलेली पोळी करपल्याचा वास येत होता. आईने माझ्या कानाशी येऊन विचारलं,

"शालू, याच्या कंपनीत जादा काम देत नाई का वं कोनी?"